मिश्र पद्धतीचे समर्थन : मुलाखतीसाठी नेमके कोणते घर गाठायचे?

*आदरणीय मॅडम, मी दापोली तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी संशोधन प्रस्ताव तयार करत आहे. किनारपट्टीवरील जिल्हा परिषद शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांची अनियमित उपस्थिती हा माझा विषय आहे. चौदा शाळांतील २६० मुलांची हजेरी आणि प्रश्नावली, शिवाय बारा पालकांच्या मुलाखती असे नियोजन आहे. ‘दोन्ही पद्धतींच्या मर्यादा परस्परांमुळे भरून निघतात आणि विषयाचे समग्र आकलन होते, म्हणून मिश्र पद्धती निवडली आहे,’ असे मी कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहिले. मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ ओढून ‘हे समर्थन नव्हे’ एवढेच लिहिले आहे. मग समर्थन म्हणून नेमके काय लिहायचे?*
*– एक संशोधक शिक्षिका*

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मार्गदर्शकांनी ओढलेली रेघ योग्य जागी आहे. ते वाक्य उचलून पोषण आहारावरच्या, गणिताच्या भीतीवरच्या किंवा शिक्षकांच्या बदल्यांवरच्या प्रस्तावात ठेवले, तरी एक अक्षर न बदलता ते तिथे चालेल. याचा अर्थ त्यात तुमच्या विषयाचे काहीच आलेले नाही. समर्थन मिश्र पद्धतीचे सर्वसाधारण गुण सांगून होत नाही. तुमच्या प्रश्नांपैकी कोणता प्रश्न एका पद्धतीने कुठवर सुटतो, नेमका कुठे अडतो आणि त्या अडलेल्या जागी दुसरी पद्धत काय करणार आहे, हे दाखवावे लागते. त्यामुळे सुरुवात पद्धतीपासून न करता हजेरीपत्रकापासून करू या.

तुमच्याकडे जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची हजेरी असेल असे धरते. किनाऱ्यावरच्या शाळेसाठी हा काळ फार बोलका आहे. राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. म्हणजे शाळेचे पहिले दीड महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि ऑगस्टपासून त्या पुन्हा समुद्रात जातात. मच्छीमार घरांतील मुलांची उपस्थिती ऑगस्टनंतर घसरते का, हा प्रश्न संख्येने विचारता येतो आणि संख्येनेच सोडवता येतो. केवळ त्याच मुलांचे जुलै आणि सप्टेंबर ताडून मात्र भागणार नाही. जून-जुलैत पाऊस सर्वांत जास्त असतो, पुढे गणपती येतात आणि या दोन्हींचा परिणाम सगळ्याच मुलांवर होतो. त्यासाठी त्याच शाळेतील मासेमारी न करणाऱ्या घरांतली मुले शेजारी ठेवावी लागतील. पाऊस आणि सण दोन्ही गटांना सारखेच असल्याने, ऑगस्टनंतर या दोन गटांतले अंतर वाढले तर त्या वाढीचा संबंध मासेमारीच्या हंगामाशी असण्याची शक्यता बळावते. इथवर तुम्हाला एकाही मुलाखतीची गरज नाही, आणि प्रस्तावात हे तसेच स्पष्ट लिहावे. एखादा प्रश्न एकाच पद्धतीने सुटतो अशी कबुली दिली, की पुढच्या प्रश्नासाठी दुसरी पद्धत मागण्याचा तुमचा अधिकार वाढतो.

आता संख्या कुठे अडते ते पाहू. घर ते शाळा अंतर, मूल मुलगा की मुलगी, घरचा व्यवसाय, आईचे शिक्षण आणि घरात शाळेच्या वयाखालचे भावंड आहे की नाही, एवढी माहिती प्रश्नावलीतून मिळाली, की बहुचल प्रतिगमनाने प्रत्येक मुलाची अपेक्षित उपस्थिती काढता येते. समजा, एका वाडीतील दोन मुली आहेत. दोघींचे वडील बोटीवर खलाशी आहेत, दोघींच्या घरी लहान भावंड आहे आणि दोघी शाळेपासून सारख्याच अंतरावर राहतात. गणित दोघींसाठीही सुमारे ७७ टक्के उपस्थिती सांगते. प्रत्यक्षात एकीची भरते ५१ टक्के आणि दुसरीची ९३ टक्के. तुमच्या प्रश्नावलीतली प्रत्येक नोंद या दोघींच्या बाबतीत सारखी आहे, त्यामुळे त्या नोंदी कितीही वेळा फिरवल्या तरी फरकाचे कारण त्यांतून निघणार नाही. मुलांची संख्या २६० वरून ६०० केली तरी निघणार नाही. तुमच्या संशोधनातील गुणात्मक भागाचे समर्थन या दोन मुलींमध्ये आहे.

याला स्पष्टीकरणात्मक अनुक्रमिक आराखडा म्हणतात. आधी संख्यात्मक टप्पा पार पडतो, त्याच्या निष्कर्षांतून गुणात्मक टप्प्याचे सहभागी आणि प्रश्न ठरतात, आणि दुसरा टप्पा पहिल्याचे स्पष्टीकरण करतो. तुमच्या नियोजनात हजेरी आधी आणि मुलाखती नंतर आहेत, पण तो फक्त वेळेचा क्रम झाला. मुलाखतीचे पालक हजेरीच्या विश्लेषणातून निवडलेले नसतील, तर ती दोन स्वतंत्र संशोधने एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखी होतात. अनुभवी परीक्षक प्रस्ताव हातात घेतल्यावर आधी हा सांधा शोधतो, म्हणून समर्थनाच्या परिच्छेदात सर्वांत जास्त जागा त्याला द्या.

बारा पालक कसे निवडणार हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रस्तावांत ‘सोयीस्कर नमुना’ असे लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात शाळेच्या बैठकीला येणारे पालक निवडले जातात. अनुपस्थितीच्या अभ्यासात ही निवड घातक ठरते, कारण बैठकीला येणाऱ्या घरातली मुले बहुधा शाळेतही येतात. त्याऐवजी निवडीचा नियम आधीच लिहून ठेवा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष उपस्थितीतील फरकाला अवशेष म्हणतात. हा अवशेष एका प्रमाण विचलनापेक्षा जास्त खाली असलेली सहा मुले, तेवढाच वर असलेली सहा मुले आणि अपेक्षेच्या अगदी जवळ असलेली चार मुले, अशी सोळा घरे घ्या. एका शाळेतून दोनपेक्षा जास्त घरे घेऊ नका, नाहीतर एखाद्या शाळेतील शिक्षकाचा किंवा वातावरणाचा परिणाम तुम्हाला घराचा परिणाम वाटेल. अपेक्षेजवळची चार मुले कशाला, असे विचारले जाईल. गणिताने जी कारणे धरली आहेत तीच खरोखर त्या घरांत काम करत आहेत का, हे पाहण्यासाठी ती हवीत. आकडा बरोबर आला म्हणून त्यामागचे कारणही बरोबर आहे असे मानता येत नाही.

नियम असा बांधला, की सोळा का आणि साठ का नाही, या प्रश्नाचेही उत्तर त्यातच येते. ही सोळा घरे संपूर्ण किनारपट्टीचे प्रतिनिधित्व करण्यासाठी नाहीत, ते काम पहिल्या टप्प्याचे आहे. गणिताला जी घरे उलगडत नाहीत ती उलगडण्यासाठी ही निवड आहे. अपेक्षेपेक्षा कमी येणारी आणि जास्त येणारी अशी दोन्ही बाजूंची मुले त्यात असल्यामुळे, ‘घरची जबाबदारी’ हे कारण नियमित येणाऱ्या मुलीच्या घरीही तितकेच आहे का, हे तपासता येते. केवळ गैरहजर मुलांच्या घरी गेलात, तर जे कारण कानावर पडेल ते खरे वाटेल.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका सर्वेक्षणात मी प्रश्नावली निनावी ठेवली होती. मुले मोकळेपणाने लिहितील हा त्यामागचा हेतू होता आणि मुलांनी लिहिलेही मोकळेपणाने. पण विश्लेषणानंतर ज्या नऊ-दहा प्रश्नावल्यांनी माझे लक्ष वेधले, त्या कोणाच्या हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता. अनुक्रमिक आराखड्यात प्रश्नावली निनावी चालत नाही, ती सांकेतिक क्रमांकाची असावी लागते. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या वहीत, फक्त तुमच्या ताब्यात राहील आणि मुलाखती पूर्ण झाल्यावर ती नष्ट केली जाईल, हे नीतीविषयक भागात लिहा. पालकांच्या संमतीपत्रातही पहिल्याच दिवशी ‘पुढील टप्प्यात आपली भेट घेण्याची शक्यता आहे’ हे वाक्य असू द्या. हे वाक्य राहिले, तर दुसरा टप्पा कागदावर कितीही सुंदर असला तरी प्रत्यक्षात उभा राहत नाही.

आता ‘पडताळणी’ या शब्दाविषयी, कारण तुमच्या पुढच्या मसुद्यात तो येण्याची दाट शक्यता आहे. मिश्र पद्धतीचे हेतू कोणते असू शकतात, याची सर्वपरिचित मांडणी जेनिफर ग्रीन, व्हॅलेरी काराचेली आणि वेंडी ग्रॅहम यांनी १९८९ साली ५७ मूल्यमापन अभ्यास तपासून केली. पडताळणी, पूरकता, विकास, विसंगतीतून नवा प्रश्न उभा करणे आणि विस्तार असे पाच हेतू त्यांनी वेगळे केले. विद्यार्थी हे पाचही हेतू आपल्या प्रस्तावात उतरवतात आणि समर्थन दुबळे होते ते इथेच. ॲलन ब्रायमन यांनी २००६ साली २३२ लेखांची छाननी केली, तेव्हा मिश्र पद्धतीसाठी सांगितलेला हेतू आणि प्रत्यक्षात केलेला उपयोग यांचा अनेकदा मेळ बसत नाही, असे त्यांना आढळले. तुमचा मुख्य हेतू पूरकतेचा आहे, कारण एका टप्प्याचा निष्कर्ष दुसरा टप्पा उलगडून दाखवणार आहे. तेवढाच लिहा आणि त्याला जागा.

पडताळणी हा हेतू लिहायचाच असेल, तर त्याची अट पाळावी लागते. एकाच गोष्टीकडे दोन मार्गांनी पाहायचे आणि त्या दोन मार्गांतल्या चुकांची कारणे वेगवेगळी असायला हवीत. हजेरीपत्रक आणि पोषण आहाराची दैनंदिन लाभार्थी नोंद ताडून पाहणे ही पडताळणी आहे, असे अनेकांना वाटते. पण दोन्ही नोंदी त्याच शाळेत, बहुधा त्याच हाताने होतात. हजेरी चढवून लिहिली गेली असेल तर आहाराचा आकडाही तिच्याशी जुळवून लिहिलेला असू शकतो, आणि मग दोन नोंदी तंतोतंत जुळल्या तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी आधी न कळवता ठरावीक दिवशी प्रत्येक शाळेत जाऊन स्वतः मुले मोजा. महिन्यातून एकदा, अशा चार भेटी झाल्या, तर त्या दिवसांची पत्रकातील नोंद आणि तुमची मोजणी यांतला फरक हा पत्रकाच्या विश्वासार्हतेचा खरा अंदाज असेल. ही पडताळणी दोन संख्यांमधली आहे हे ध्यानात ठेवा, तिच्यामुळे संशोधन मिश्र होत नाही. आणि पालकांची मुलाखत हजेरीची पडताळणी करण्यासाठी मुळीच वापरू नका. सप्टेंबरात मूल किती दिवस शाळेत गेले हे आईला जानेवारीत आठवत नसते, आणि तसे विचारले की ती मुलाखत चौकशी होऊन बसते.

दोन टप्प्यांचे निष्कर्ष पटले नाहीत तर काय करणार, हे प्रस्तावात लिहिणारे विद्यार्थी मला क्वचित भेटले आहेत. माझ्या मते तुमच्या समर्थनाचा सर्वांत भक्कम भाग हाच होऊ शकतो, म्हणून एक शक्यता पूर्ण मांडून दाखवते. समजा, प्रतिगमनात घर ते शाळा या अंतराचा उपस्थितीशी काहीच संबंध दिसला नाही. आणि मुलाखतीत मात्र घरामागून घरात ‘शाळा लांब पडते’ हेच ऐकू आले. इथे उतावळा संशोधक लिहील, की पालक सबब सांगत आहेत, किंवा आकडे वास्तव टिपू शकत नाहीत. दोन्ही लिहिण्याआधी अंतर मोजले कसे ते पाहा. प्रश्नावलीत अंतर किलोमीटरमध्ये आहे आणि ते बहुधा नकाशावरून घेतलेले आहे. खाडीपलीकडची वाडी नकाशावर अर्ध्या किलोमीटरवर दिसते. ओहोटीला मुले पात्राच्या कडेने चालत येतात, भरती असेल तर साकवाकडून वळसा पडतो, आणि पावसात साकव निसरडा झाला की लहान मुलाला कोणीतरी पोहोचवायला यावे लागते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून एखाद्या आठवड्यात शाळेची वेळ ओहोटीत येते आणि पुढच्या आठवड्यात भरतीत. असे असेल तर अंतराचा परिणाम नाही हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. परिणाम अंतराचाच आहे, पण ते किलोमीटरमध्ये मोजण्यासारखे नाही. मग तुम्ही हजेरीपत्रकाकडे परत जाता, खाडीपलीकडच्या मुलांची गैरहजेरी भरतीच्या वेळापत्रकासमोर ठेवता, आणि मुलाखतीतून सुचलेली गोष्ट संख्येने तपासता. विसंगती आली तर आधी मोजमापाची व्याख्या तपासली जाईल, नंतर निवडलेली घरे अपवादात्मक आहेत का हे पाहिले जाईल, आणि तरीही ती उरली तर तशीच नोंदवली जाईल, हे तीन टप्पे त्याच क्रमाने प्रस्तावात लिहा.

दोन्ही टप्पे शेवटी एकत्र कुठे येणार, तेही दाखवा. त्यासाठी एक तक्ता पुरतो. प्रत्येक ओळीत एक घर, पहिल्या रकान्यात अपेक्षित आणि प्रत्यक्ष उपस्थिती, दुसऱ्यात मुलाखतीतून पुढे आलेले कारण शक्यतो त्या घराच्या शब्दांत, आणि तिसऱ्यात या दोहोंवरून काढलेले अनुमान. रिकाम्या तक्त्याचा नमुना प्रस्तावातच जोडा. तिसरा रकाना भरायला दोन्ही टप्पे लागतात, हे त्या नमुन्यावरून वाचणाऱ्याला आपोआप दिसते.

तत्त्वज्ञानाच्या बाजूचा आक्षेप येईल, त्यासाठी अर्धे पान पुरे. संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतींमागची ज्ञानविषयक गृहीतके परस्परविरोधी असल्याने त्या एकत्र नांदू शकत नाहीत, हा जुना आक्षेप आहे. केनेथ हाऊ यांनी १९८८ साली शिक्षण संशोधनाच्याच संदर्भात त्याला व्यवहारवादाच्या आधारे उत्तर दिले. तुम्ही एवढेच लिहा की प्रस्तुत संशोधन व्यवहारवादी भूमिका घेते, म्हणजे पद्धतीची निवड प्रश्नाच्या गरजेवरून करते. आणि लगेच आपल्या प्रश्नाकडे या. प्रत्यक्षवाद आणि अर्थनिर्णयवाद यांच्यावर आठ पाने लिहून नवव्या पानावर ‘म्हणून मिश्र पद्धती’ असे म्हटले, तर त्या ‘म्हणून’ला आधार राहत नाही.

तुमचा परिच्छेद साधारण कसा व्हावा, हे दाखवण्यासाठी मसुदा देते. तो जसाच्या तसा घेऊ नका, तुमच्या प्रश्नांच्या भाषेत बदलून घ्या.

“प्रस्तुत संशोधनातील पहिले दोन प्रश्न उपस्थितीचे प्रमाण आणि मासेमारीच्या हंगामाशी तिचा संबंध यांविषयीचे असून त्यांसाठी संख्यात्मक माहिती पुरेशी आहे. तिसरा प्रश्न, समान कौटुंबिक परिस्थितीतील मुलांच्या उपस्थितीत मोठी तफावत का आढळते, हा आहे. ही तफावत किती व कोणत्या मुलांमध्ये आहे हे संख्यात्मक विश्लेषणाविना निश्चित करता येत नाही आणि तिची कारणे प्रश्नावलीतील चलांतून स्पष्ट होऊ शकत नाहीत. त्यामुळे स्पष्टीकरणात्मक अनुक्रमिक आराखडा स्वीकारला असून, दुसऱ्या टप्प्यातील सोळा कुटुंबांची निवड पहिल्या टप्प्यातील अवशेषांच्या आधारे, पूर्वनिश्चित नियमानुसार करण्यात येईल.”

हा परिच्छेद तुम्ही स्वतः एका प्रकारे तपासू शकता. त्यातील मुलाखतीचा भाग झाकून वाचा, तिसरा प्रश्न अनुत्तरित राहायला हवा. मग संख्येचा भाग झाकून वाचा, कोणाकडे मुलाखतीला जायचे हेच कळेनासे व्हायला हवे. यांपैकी एक जरी झाले नाही, तर तेवढा भाग तुमच्या संशोधनाला नको आहे, आणि तो काढून टाकण्यात काहीही कमीपणा नाही. एका पद्धतीचा नीट केलेला प्रबंध मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो.

राहिला वेळापत्रकाचा भाग. दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची हजेरी घेतलीत, तर विश्लेषण डिसेंबरअखेर संपवा आणि मुलाखती जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरका. पुढे शिमगा येतो, पालख्या घरोघर फिरू लागतात, त्यामागून आंब्याची काढणी, आणि मग घरात निवांत बोलायला कोणी सापडत नाही. मच्छीमार घरी जाताना लिलावाची वेळ टाळा. हर्णैसारख्या बंदरात संध्याकाळच्या लिलावाला घरातील बाया किनाऱ्यावर असतात, आणि नेमके त्यांचेच म्हणणे तुम्हाला हवे आहे. मुलाखत त्यांच्या बोलीत होऊ द्या आणि नोंदही बोलीतच करा, प्रमाण मराठीत उतरवण्याचे काम विश्लेषणाच्या वेळी करा. ऑगस्ट-सप्टेंबरची आठवण यावी म्हणून तारखा न विचारता ‘बोटी पहिल्यांदा गेल्या तेव्हा’, ‘गौरी गेल्यानंतर’ असे विचारा. हजेरीपत्रक मात्र सोबत नेऊ नका. तुम्ही त्याच तालुक्यातल्या शिक्षिका आहात, तुमच्या हातात ते दिसले की समोरची आई स्वतःचा बचाव करू लागेल. तुमच्या स्वतःच्या शाळेतील मुलांच्या घरच्या मुलाखती दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडून घ्या किंवा ती शाळा नमुन्यातूनच वगळा, आणि दोहोंपैकी काय करणार हे प्रस्तावाच्या मर्यादांमध्ये आताच लिहून ठेवा.